ज्युनिअर रिटचरच्या नोकरीसाठी कव्हर लेटर: एक फोटो घ्या आणि त्याच्याबद्दलच लिहा

इंदूरमध्ये जाहिरातीच्या स्टुडिओत रिटचिंग करत मला अकरा वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची चार वर्षं नव्या मुलांचे नोकरीचे मेल आधी माझ्याकडे येतात, मी वाचतो, चार-पाच निवडतो आणि मग मालकांकडे पाठवतो. त्यामुळे समोरचा माणूस हा मेल कसा वाचतो ते मला नीट माहीत आहे, आणि दरवेळी वाईट वाटतं की ज्या मुलाचं काम खरंच बरं आहे त्याचं पत्र असं असतं की काम उघडून बघावंसंच वाटत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, खास करून कॉम्पोझिट आणि बॅकग्राउंडच्या जागेसाठी, कारण स्किन रिटचिंग किंवा लग्नाचे अल्बम यांची गोष्ट वेगळी आहे.

आधी जागा काय आहे ते समजून घ्या. "ज्युनिअर रिटचर, कॉम्पोझिट आणि बीजी" असं लिहिलेलं असतं तेव्हा रोजचं काम साधारण असं असतं: प्रॉडक्ट स्टुडिओत पांढऱ्या किंवा करड्या कागदावर शूट झालेलं आहे, बॅकग्राउंड दुसरीकडून आलंय, तुम्ही प्रॉडक्ट कट करायचं (जुने लोक याला डीप एचिंग म्हणतात), बॅकग्राउंडवर बसवायचं, सावली द्यायची, रंग जुळवायचे. आमच्याकडे नमकीनची पाकिटं, फर्निचर, भांडी, आणि बिल्डर लोकांचे फ्लॅटचे ब्रोशर, ज्यात आकाश बदलायचं आणि विजेच्या तारा काढायच्या. मेल वाचणाऱ्याला एकच गोष्ट बघायची असते, दोन वेगळ्या फोटोंतलं काय जुळत नाहीये ते या मुलाला दिसतं का. टूल दोन महिन्यांत शिकवता येतात, नजर यायला फार वेळ लागतो, त्यामुळे पत्रात नजर दिसली पाहिजे.

आणि पत्रात येतं काय? "मी मेहनती आहे, लवकर शिकतो, मला फोटोशॉप, लाइटरूम, इलस्ट्रेटर, कोरल येतं, फोटोशॉप ९० टक्के." हे ९० टक्के कशाचे ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. यावरून मला काहीच कळत नाही, आणि त्याच सकाळी असे वीस मेल आलेले असतात.

मागच्या वर्षी रामबागेतली एक मुलगी, आमच्या ओळखीतली, मला दादा म्हणते, तिने तिचं पत्र मला दाखवलं. पलासियाच्या बाजूच्या एका स्टुडिओत जागा होती. पत्र वर लिहिलंय तसंच होतं. मी म्हटलं, पत्र राहू दे बाजूला, आधी तुझा सगळ्यात चांगला कॉम्पोझिट दाखव आणि तो कसा केलास ते तोंडी सांग. ती वीस मिनिटं बोलली, आणि त्यातल्या चार वाक्यांत तिचं पत्र होतं. ते पत्र कसं तयार झालं तेच पुढे सांगतो, कारण तुम्हालाही साधारण हेच करायचंय.

पहिलं काम, फोटो निवडा

एकच. दहा फोटोंचा पोर्टफोलिओ लिंकमध्ये असू द्या, पण पत्र एका फोटोबद्दल लिहायचं. त्यासाठी ज्या स्टुडिओत अर्ज करताय त्यांचं पेज उघडा आणि ते जास्त काय करतात ते बघा. भांडी करत असतील तर चमकणारी वस्तू पाठवा, कपडे करत असतील तर मॉडेलचे केस कट केलेला फोटो, बिल्डरचं काम असेल तर इमारत आणि आकाश. उडणारे ड्रॅगन, पाण्याखालचं शहर, अर्धा चेहरा सिंहाचा, असलं काम मेहनतीचं असतं हे मान्य आहे, पण ते बघून मला हे कळत नाही की तुम्ही फरसाणचं पाकीट टेबलावर नीट बसवाल का, कारण ड्रॅगनची सावली खरी कशी दिसते ते कोणालाच माहीत नाही, म्हणून त्यात चूक लपते. साध्या वस्तूत चूक लपत नाही, म्हणूनच साधी वस्तू पाठवायची.

त्या मुलीने निवडलेला फोटो होता स्टीलची पाण्याची बाटली, घरी खिडकीपाशी पांढऱ्या चार्ट पेपरवर काढलेली, आणि ती ठेवायची होती इथल्या कृष्णपुरा छत्री या जुन्या स्मारकाच्या दगडी कट्ट्यावर. दोन्ही फोटो तिचेच, फोनवर काढलेले. फोनवर काढले म्हणून कोणी नाही म्हणत नाही, उलट दोन्ही फोटो स्वतःचे असले की प्रकाश कुठून होता हे तुम्हाला पक्कं माहीत असतं, आणि तेच नंतर विचारतात.

दुसरं काम, त्या फोटोत काय बिघडलं होतं ते लिहून काढा

पत्राला मालमसाला इथून मिळतो, म्हणून इथे घाई करू नका. वहीत लिहा, मराठीत, भावाला सांगताय असं. काय काढलं, काय जुळलं नाही, कशावरून कळलं, काय केलं, किती वेळ लागला, आणि काय राहिलं.

तिचा पहिला प्रयत्न बघितला तर बाटली कट्ट्यावर ठेवलेली वाटतच नव्हती, चिकटवलेली वाटत होती. ती म्हणाली सावली कमी पडली असेल, म्हणून तिने सावली अजून गडद केली होती, तरी तेच. कारण सावलीत नव्हतंच, कारण कॅमेऱ्याच्या उंचीत होतं. बाटली तिने खाली बसून काढलेली, कॅमेरा बरोबर झाकणाच्या लेव्हलला, त्यामुळे झाकणाची वरची बाजू एका सरळ रेघेसारखी दिसत होती. आणि छत्रीचा फोटो उभं राहून काढलेला, म्हणजे कॅमेरा कट्ट्याच्या दोन-अडीच फूट वर. आता विचार करा, त्या उंचीवरून कट्ट्यावरची दहा इंची बाटली बघितली तर झाकण वरून दिसायला पाहिजे, गोल पसरट अंड्यासारखं. ते दिसत नव्हतं. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं. नियम एवढाच की क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवर असते, त्यामुळे ज्या वस्तूचं झाकण सरळ रेघ दिसतंय, त्या वस्तूचं झाकण बॅकग्राउंडच्या क्षितिजरेषेवरच आलं पाहिजे. क्षितिज दिसत नसेल तर पायऱ्यांच्या, कट्ट्याच्या कडा लांब वाढवून बघा, त्या जिथे भेटतात ती उंची.

ही गोष्ट फोटोशॉपमध्ये ताणून-दाबून नीट होत नाही. ती परत छत्रीवर गेली, फोन कट्ट्याच्या वर साधारण वीतभर अंतरावर धरला आणि परत फोटो काढला.

मग दुसरी गोष्ट निघाली. छत्रीवर सकाळचं ऊन डावीकडून येत होतं, खांबांच्या सावल्या उजवीकडे पडलेल्या, आणि घरी खिडकी बाटलीच्या उजवीकडे होती. सरळ उपाय वाटतो तो म्हणजे एक फोटो उलटा करायचा. पण बाटलीवर नाव छापलेलं, ती उलटी केली तर अक्षरं उलटी. बॅकग्राउंड उलटं केलं तर इंदूरचा माणूस एका सेकंदात म्हणेल की छत्री अशी नाहीये, आणि इथल्या क्लायंटसाठी काम असेल तर ते तिथेच अडकलं. म्हणून बाटली परत काढली, यावेळी खिडकी डावीकडे ठेवून. म्हणजे फोटोशॉप उघडायच्या आधीच दोन्ही फोटो परत काढले गेले. हे पत्रात लिहायला तिला लाज वाटत होती, की लोक म्हणतील हिला पहिल्यांदा जमलं नाही. मी म्हटलं हेच तर लिहायचं, कारण ज्याला हे दिसतं तो शूटच्या वेळीच फोटोग्राफरला सांगेल की कॅमेरा खाली घ्या, आणि त्याने स्टुडिओचे दोन दिवस वाचतात.

तिसरी गोष्ट स्टीलची. स्टील म्हणजे आरसाच, त्यात जे आजूबाजूला आहे ते दिसतं, आणि तिच्या बाटलीत दिसत होता पांढरा चार्ट आणि घराची खिडकी. दगडी कट्ट्यावरच्या बाटलीत पांढरा चार्ट कसा दिसेल? तर तिने बाटलीच्या खालच्या भागातला पांढरेपणा कमी केला, कट्ट्याच्या दगडाचा एक तुकडा घेऊन, धूसर करून, बाटलीच्या गोलाईनुसार वाकवून, लेअर मास्कने हलका खालच्या बाजूला बसवला, आणि दोन्ही उभ्या कडांना थोडा गडद दगडाचा रंग दिला. यात तिचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

सावली शेवटी. ती पण दोन भागांत: एक अगदी बारीक, जवळजवळ काळी, बाटली जिथे कट्ट्याला टेकते तिथे, आणि दुसरी लांब, खांबांच्या सावलीच्याच दिशेने, पुढे जाता जाता मऊ होत जाणारी. नवी मुलं बहुतेक एकच गोल मऊ सावली देतात आणि वस्तू तरंगते. लांब सावलीचा रंग पण निव्वळ काळा ठेवू नका, उघड्यावर सावलीत आकाशाचा उजेड येतो म्हणून ती थोडी निळसर असते, शेजारच्या खऱ्या सावलीवरून रंग उचला.

तिसरं काम, पाठवण्याआधी स्वतः तपासा

पत्रात तुम्ही ज्या फोटोबद्दल बोलणार तो समोरचा झूम करून बघणार हे धरून चाला. माझी पद्धत सांगतो. सगळ्यात वर एक कर्व्ह लेअर टाका आणि फोटो खूप उजळ करा, मग खूप गडद करा. नेहमीच्या उजेडात जी सावली छान वाटते तिचा ब्रशचा गोल काठ तेव्हा लगेच दिसतो, आणि कट केलेल्या वस्तूभोवती पांढरी रेघ राहिली असेल तर ती पण. मग तो लेअर बंद करून वर ब्लॅक अँड व्हाइट लेअर टाका, रंग गेले की कळतं वस्तूचा काळा आणि बॅकग्राउंडचा काळा सारखा आहे का; वस्तूचा काळा जास्त गडद असला की ती वेगळी उठून दिसते. कडा २०० टक्क्यांवर बघा. आणि शेवटी फोटो फोनवर पाठवून लहान करून बघा, कारण मालक लोक पहिल्यांदा फोनवरच बघतात, चहा पिता पिता.

जी चूक दुरुस्त होण्यासारखी आहे ती दुरुस्त करा. जी राहतेच, ती कोणती आणि का ठेवली हे वहीत लिहा. त्या मुलीच्या बाटलीच्या खांद्यावर खिडकीच्या जाळीची एक बारीक उभी रेघ राहिली होती. ती पूर्ण पुसली की तिथलं स्टील सपाट होऊन प्लास्टिकसारखं दिसायला लागायचं, म्हणून तिने थोडी फिकट करून ठेवली. हे वाक्य आम्ही पत्रात घेतलं.

चौथं काम, आता पत्र

वहीत दोन पानं झाली असतील, त्यातून पत्रात चार छोटे परिच्छेद जातात, एका स्क्रीनवर मावेल एवढंच. इथे बहुतेक स्टुडिओत मेल इंग्लिशमध्ये किंवा हिंदीत जातो, पण मी सांगेन की आधी मराठीत पूर्ण लिहा, मगच भाषा बदला, आणि बदलताना साधी वाक्यं ठेवा. थेट इंग्लिशमध्ये लिहायला बसलं की हात आपोआप त्या नेहमीच्या मोठमोठ्या शब्दांकडे जातो आणि बाटली राहते बाजूला. तिचं मराठी पत्र असं झालं, तिला विचारून देतोय:

विषय: ज्युनिअर रिटचर (कॉम्पोझिट आणि बीजी), फ्रेशर, इंदूर, आधी-नंतरचे फोटो सोबत

नमस्कार सर,

ज्युनिअर रिटचरच्या जागेसाठी हा मेल करत आहे. तुमच्या पेजवर स्टीलच्या डब्यांचं काम पाहिलं. चमकणारी वस्तू वेगळ्या बॅकग्राउंडवर बसवण्याचा सराव मी गेले सहा महिने करत आहे, म्हणून त्यातलाच एक फोटो सोबत पाठवते.

यात घरी खिडकीपाशी काढलेली बाटली कृष्णपुरा छत्रीच्या कट्ट्यावर ठेवली आहे. दोन्ही फोटो मी फोनवर काढले. पहिल्या वेळी बाटली झाकणाच्या उंचीवरून आणि छत्री उभं राहून काढल्यामुळे दोन्ही जुळत नव्हते, आणि प्रकाशही उलट बाजूने होता. बाटलीवर नाव असल्यामुळे फोटो उलटा करता येत नव्हता, म्हणून दोन्ही परत काढले. कटिंग पेन टूलने केलं. बाटलीतलं पांढऱ्या कागदाचं प्रतिबिंब कमी करून दगडाचं दिलं. फोटोशॉपमध्ये साडेसहा तास लागले, त्यातले तीन प्रतिबिंबाला. बाटलीच्या खांद्यावर खिडकीच्या जाळीची एक फिकट रेघ आहे, ती पूर्ण काढली तर स्टील प्लास्टिकसारखं दिसत होतं म्हणून ठेवली.

केसांचं कटिंग करते, पण एका मॉडेलला मला अजून दोन तास लागतात. प्रिंटसाठी सीएमवायके फाइल बनवायला शिकले आहे, पण माझी फाइल अजून प्रत्यक्ष छापली गेलेली नाही.

येत्या १ तारखेपासून पूर्णवेळ येऊ शकते. टेस्ट फाइल दिलीत तर करून पाठवेन. लेअरसकट फाइल माझ्याकडे आहे, सांगितलंत तर दाखवते. बाकी आठ कामं खालच्या लिंकवर आहेत.

बस, एवढंच. "आपली विश्वासू" आणि खाली नाव, फोन नंबर.

यात काय आहे ते बघा. पहिल्या परिच्छेदात स्टुडिओचं एक नेमकं काम आहे, "तुमची नामांकित संस्था" नाही. तासांचा आकडा आहे, आणि खरा आहे. पुष्कळ मुलं वेळ कमी करून सांगतात, पाऊण तासात केलं म्हणतात, आणि मग टेस्टच्या दिवशी पाऊण तास संपतो आणि पेन टूलचा पाथ पण अर्धा झालेला नसतो. ज्युनिअर हळू असतो हे आम्हाला माहीत आहे, त्याप्रमाणेच काम देतो, फक्त आकडा खरा लागतो. आणि तिसऱ्या परिच्छेदात जे येत नाही ते सरळ आहे, त्यामुळे जे येतं म्हटलंय त्यावर विश्वास बसतो. पगाराचं जागेच्या जाहिरातीत विचारलं असेल तरच लिहा.

फोटो कोणाचा ते सांगा

हे वेगळं सांगतो कारण यात चांगली मुलं अडकतात. एकदा एका मुलाचा फोटो फार आवडला, वाळवंटात गाडी, धूळ वगैरे सगळं सुंदर. मला तो कुठेतरी पाहिलेला वाटला, आणि खरंच तो एका शिकवणीच्या व्हिडिओबरोबर मिळणाऱ्या सरावाच्या फाइलींचा होता, त्या फाइली आम्ही पण केलेल्या आहेत. मुलाने स्वतःचा म्हणून पाठवलेला. मी फोन करून विचारलं धुळीला प्रकाश कुठून दिलास, तर तो गप्प झाला. सरावाचं काम पाठवणं चूक नाही, फक्त लिहा: मूळ फोटो शिकवणीच्या फाइलीतले, कटिंग आणि सावली माझी, रंग शिकवल्याप्रमाणे. स्टॉकचा फोटो असेल तर तसं लिहा. मित्राने शूट केलं असेल तर तसं.

आणि इंटर्नशिपमध्ये कुठे काम केलं असेल तर तिथली जी गोष्ट अजून बाजारात आलेली नाही, नवं पाकीट, नवी बाटली, ती कधीच पाठवू नका, कितीही छान झाली असली तरी. ते बघून समोरचा पहिला विचार हाच करतो की हा आमचं पण असंच दुसरीकडे दाखवेल.

फाइली आणि लिंक

मेलला दोन जेपीजी जोडा, आधीचा आणि नंतरचा, लांब बाजू साधारण २००० पिक्सेल, एसआरजीबीमध्ये. अडोब आरजीबीत ठेवली तर काही स्क्रीनवर रंग फिके दिसतात आणि समोरच्याला वाटतं तुम्हाला रंग कळत नाहीत. "आधी"मध्ये दोन्ही मूळ फोटो शेजारी शेजारी लावा, नुसती बाटली नको, बॅकग्राउंड पण हवं. नावं अशी ठेवा की डाउनलोडच्या ढिगाऱ्यात पण सापडतील:

```
naav_bottle_before.jpg
naav_bottle_after.jpg
```

`naav` च्या जागी तुमचं नाव. `final_final2.jpg` असल्या नावाच्या फाइली आमच्याकडे आधीच शंभर आहेत. पीएसडी मेलला जोडू नका, जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे, आणि कॉम्पोझिटची पीएसडी त्याच्या बाहेर सहज जाते. पण ती नीट करून ठेवा, लेअरना नावं द्या, कारण मागतील. `Layer 14 copy 3` असे तीस लेअर असलेली फाइल उघडली की कळतं या मुलाबरोबर दुसऱ्या कोणाला फाइल शेअर करून काम करणं अवघड जाणार.

ड्राइव्हची लिंक देत असाल तर परवानगी बघा. नवीन फाइल `Restricted` असते, ती `Anyone with the link` करायची, आणि मग इन्कॉग्निटो विंडो उघडून लिंक स्वतः क्लिक करून बघायची, लॉगिन मागते का. मला आलेल्या कितीतरी मेलमध्ये लिंक बंद असते, परवानगी मागण्याचं बटण दिसतं, आणि ते बटण दाबून उत्तराची वाट बघायला कोणाकडे वेळ नसतो, पुढचा मेल उघडतात. माझ्या स्वतःच्या एका अर्जाचं असंच झालेलं, दोन महिन्यांनी कळलं की फोटो कोणी बघितलेच नव्हते.

पाठवल्यावर

आठवडाभर थांबा, मग त्याच मेलच्या उत्तरात एक ओळ लिहा, नवीन मेल नको, नाहीतर फोटो परत शोधावे लागतात. फोन आला की बहुतेक टेस्ट फाइल देतात. ती आल्यावर कामाला लागायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या: कुठे वापरणार, पेपरात, होर्डिंगला की फोनवर, फायनल साइज काय, आणि लेअर ठेवून द्यायची की फ्लॅट. हे विचारलं म्हणून कोणी रागावत नाही. न विचारता फोनच्या साइजला केलेलं काम होर्डिंगसाठी निघालं की सगळं परत करावं लागतं.

आणि बोलावलं तर लॅपटॉपवर तीच पीएसडी उघडून न्या, कारण प्रश्न पत्रातूनच येतात. त्या मुलीला स्टुडिओतल्या सरांनी बसल्या बसल्या बाटलीच्या खांद्यावर झूम करायला लावलं आणि विचारलं, ही रेघ काय आहे. ती म्हणाली, सर, खिडकीची जाळी आहे, पत्रात लिहिलंय, पूर्ण काढलेला लेअर पण ठेवलाय. त्यांनी तो लेअर चालू करायला सांगितलं, थोडा वेळ बघितलं, परत बंद करायला सांगितलं, आणि मग विचारलं की हे आपण शूटमध्येच कसं टाळलं असतं. ती म्हणाली, खिडकीला ट्रेसिंग पेपर लावला असता.